कंडेन्सरचं प्रेशर एवढं खाली का ठेवतात? ट्रेनी इंजिनिअरला पत्र

"सर, टर्बाइनला स्टीम १०० बारला मिळते, मग शेवटी कंडेन्सरमध्ये ०.१ बार असलं काय आणि ०.०५ असलं काय, १०० मध्ये तेवढ्याने काय फरक पडतो? शिफ्टमध्ये सगळे व्हॅक्यूमच्याच मागे का लागलेले असतात? आणि एवढाच फायदा असेल तर दुसरा व्हॅक्यूम पंप लावून अजून खाली का नेत नाही?"

अरे, तू वजाबाकी करतोयस आणि सगळा घोळ तिथेच होतोय. १०० वजा ०.१ आणि १०० वजा ०.०५, दोन्ही जवळपास १००च, हे बरोबर आहे. पण वाफ काम करते ते प्रेशर किती उतरलं एवढ्यावर नाही, प्रेशर उतरताना तिचं आकारमान किती होतं त्यावर पण. एक किलो वाफ घे. प्रेशर थोडंसं कमी झालं की त्यातून मिळणारं काम म्हणजे ते थोडंसं प्रेशर गुणिले त्या क्षणी त्या एका किलोने व्यापलेली जागा. पाण्याच्या टर्बाइनला तुझी वजाबाकी चालते कारण पाण्याचं आकारमान बदलत नाही, वाफेचं प्रचंड बदलतं.

आता आकडे बघ. १०० बार आणि ५०० डिग्रीला एक किलो वाफ जागा घेते ०.०३३ घनमीटर, म्हणजे तेहतीस लिटर, दोन बादल्या समज. तीच वाफ टर्बाइनमधून उतरून ०.१ बारला आली की, थोडी ओली झालेली असते ते धरूनसुद्धा, साडेअकरा घनमीटर होते, म्हणजे एक छोटी खोली. आता दोन्ही टोकांना प्रेशर एक-एक किलोपास्कलने, म्हणजे ०.०१ बारने, कमी कर. वरच्या टोकाला त्या एका किलोपास्कलमधून किलोमागे ०.०३ किलोज्यूल मिळतात. खालच्या टोकाला तोच एक किलोपास्कल साडेअकरा किलोज्यूल देतो. साडेतीनशे पट! म्हणून बॉयलरवाल्याचं प्रेशर अर्धा बार इकडेतिकडे झालं तर कोणी डोकं वर करत नाही, आणि कंडेन्सरमध्ये दोन किलोपास्कल वाढले की शिफ्ट इन्चार्ज खुर्चीतून उठतो.

पूर्ण उतार एकदा स्टीम टेबल घेऊन स्वतः करून बघ, मी केलेला देतो. रीहीट नाही, लॉस नाही, एकदम आदर्श टर्बाइन. १०० बार, ५०० डिग्री, एन्थाल्पी किलोमागे साधारण ३३७४ किलोज्यूल. ही वाफ वातावरणाच्या प्रेशरला सोडून दिली, म्हणजे कंडेन्सरच नाही, तर किलोमागे ९८० किलोज्यूल काम मिळतं. हीच वाफ ०.१ बारपर्यंत उतरवली तर १२८५. म्हणजे वरचे ९९ बार मिळून ९८० देतात आणि खालचा एक बार सुद्धा नाही, ०.९ बार, तो एकटा ३०० देतो. तेवढाच कोळसा जाळून जवळपास तीस टक्के जास्त काम. आता तुझा प्रश्न, ०.१ वरून ०.०५. काम होतं १३६३, म्हणजे अजून ७८ किलोज्यूल, सहा टक्के. बॉयलरचं प्रेशर वाढवून सहा टक्के आणायचे म्हटलं तर ट्यूबचं मटेरियल, ड्रमची जाडी, फीड पंप, सगळं बदलायला लागेल. एवढं सगळं खालच्या ०.०५ बारमध्ये पडलेलं आहे.

खऱ्या मशीनवर सहा टक्के मिळत नाहीत हे पण लिहून ठेवतो, नाहीतर तू कंट्रोल रूममध्ये जाऊन हेच सांगशील. बरीचशी वाफ मध्येच एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे फीड वॉटर गरम करायला, निघून जाते, कंडेन्सरपर्यंत येतच नाही. एलपी, म्हणजे लो प्रेशर, टर्बाइनची शेवटची स्टेज पण आदर्श नसते. मेकरने दिलेला करेक्शन कर्व्ह असतो, बॅक प्रेशर विरुद्ध हीट रेट, म्हणजे एका युनिटला लागणारी उष्णता, तो मागून घे आणि आपल्या मशीनचा आकडा त्यावरूनच काढ.

आता हा व्हॅक्यूम बनवतो कोण? तू पंपाचं नाव घेतलंस, आणि बहुतेक नवीन मुलं तेच समजतात. स्टार्टअपला, मशीन रिकामं असताना, आतली हवा काढून पहिला व्हॅक्यूम पंपच बनवतो हे खरं आहे. पण एकदा वाफ यायला लागली की व्हॅक्यूम बनवते ती वाफच, पाणी होऊन. ४३ डिग्रीला एक किलो कोरडी वाफ साधारण सतरा घनमीटर जागा घेते आणि थंड ट्यूबला लागून पाणी झाली की एक लिटर. सतरा हजार लिटरचं एक लिटर. एवढी जागा दर क्षणाला रिकामी होत असते म्हणून आत प्रेशर राहत नाही. पंपाचं काम फक्त जी हवा कुठून ना कुठून आत घुसते ती बाहेर काढायची, कारण हवा पाणी होत नाही, ती तिथेच बसून राहते.

म्हणजे कंडेन्सरचं प्रेशर ठरवतं कोण? तापमान. वाफ ज्या तापमानाला पाणी होतेय, त्या तापमानाचं सॅच्युरेशन प्रेशर जे असेल तेच आतलं प्रेशर. आणि ते तापमान तीन गोष्टी एकावर एक ठेवून बनतं. थंड पाणी आत येतं ३० डिग्रीला. वाफेची उष्णता घेऊन ते ९ डिग्रीने तापून ३९ ला बाहेर पडतं. आणि उष्णता ट्यूबच्या भिंतीतून जायची तर वाफ बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा थोडी गरम असायलाच पाहिजे, तो फरक धर ४ डिग्री, त्याला आपण टीटीडी म्हणतो. ३० अधिक ९ अधिक ४, झाले ४३. स्टीम टेबलमध्ये ४३ डिग्री समोर प्रेशर बघ, ८.६५ किलोपास्कल. बस, हाच तुझा व्हॅक्यूम. या तीन आकड्यांपैकी एखादा हलल्याशिवाय व्हॅक्यूम हलत नाही, आणि कुठला हलला ते बघितलं की अर्धं निदान झालं.

याच कारणाने दुसरा पंप लावून फायदा होत नाही. कंडेन्सर स्वच्छ आहे, हवा बेताची आहे, तर आत ४३ डिग्रीचं पाणी आणि ४३ डिग्रीची वाफ शेजारी शेजारी आहेत. पंपाने जास्त खेचलं तर तो वाफच खेचेल, तेवढी वाफ परत येईल, प्रेशर तिथेच. शिवाय लिक्विड रिंग पंप स्वतः सील वॉटरवर चालतो आणि ते पाणी गरम झालं की पंपाच्या आतच त्याची वाफ व्हायला लागते, मग पंपाची हवा ओढायची ताकदच जाते. म्हणून पंपाकडे संशय गेला की आधी सील वॉटर कूलरचं तापमान बघ.

माझीच एक केस सांगतो, त्यात माझी चूक पण होती. ५०० मेगावॅटचं मशीन, फुल लोड. दोन दिवसात व्हॅक्यूम हळूहळू पडत गेला, एकदम नाही, शिफ्टमागे थोडाथोडा. मी ड्यूटीवर आलो तेव्हा पाणी आत ३० डिग्री, बाहेर ३९, म्हणजे दोन्ही आकडे जसेच्या तसे. आणि एक्झॉस्टचं, म्हणजे टर्बाइनमधून कंडेन्सरमध्ये येणाऱ्या वाफेचं, तापमान ४८. म्हणजे टीटीडी ४ वरून ९ झालेला, आणि प्रेशर ८.६५ वरून ११.२ किलोपास्कलवर. तेवढ्याच स्टीममध्ये लोड सहा-सात मेगावॅटने कमी. पाण्याचं तापणं तेवढंच आहे म्हणजे थंड पाणी ढकलणारे सीडब्ल्यू पंप ठीक, फ्लो ठीक, वॉटर बॉक्समध्ये हवा अडकलेली नाही, कारण पाणी कमी झालं असतं तर ९ चे १०-११ झाले असते. बिघाड ट्यूबच्या भिंतीपाशी आहे एवढं नक्की. तिथे दोनच शक्यता, ट्यूबच्या आतून घाण किंवा बाहेरून हवा.

मी घाण म्हटलं. ट्यूब साफ करणारी बॉल सिस्टीम काही आठवडे बंद होती, त्यामुळे मला ते सरळ वाटलं आणि मी लॉगबुकात लोड कमी करून एक-एक वॉटर बॉक्स उघडून क्लीनिंग करायचं लिहून पण टाकलं. तेवढ्यात लॅबमधून केमिस्ट मॅडमचा फोन आला की कंडेन्सेटचा डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, १० पीपीबी असायचा तो आज ४५ आलाय, सॅम्पल दोनदा घेतलं. मी फोन ठेवला आणि हॉटवेलचं, म्हणजे कंडेन्सरच्या तळाशी पाणी जमतं तिथलं, तापमान बघितलं, जे मी आधी बघायला पाहिजे होतं. ४५ डिग्री. वाफ ४८ ला आणि तिचंच झालेलं पाणी ४५ ला.

हे नीट समजून घे, यातच सगळं आहे. ट्यूब आतून घाण असेल तर वाफेला जास्त गरम व्हायला लागतं, पण वाफ ४८ ला पाणी होते आणि पाणी ४८ च्या आसपासच हॉटवेलमध्ये पडतं. हवा असेल तर वेगळं होतं. वाफ ट्यूबकडे धावते, पाणी होते, आणि तिच्याबरोबर आलेली हवा ट्यूबभोवतीच राहून जाते. थोड्या वेळात ट्यूबवर हवेचं पांघरूण तयार होतं, पुढच्या वाफेला त्यातून वाट काढत जायला लागतं. त्या पांघरुणाच्या आत एकूण प्रेशरमधला काही वाटा हवेचा, त्यामुळे वाफेचा वाटा कमी, म्हणून ती कमी तापमानाला पाणी होते. गेज दाखवतो दोघांचं मिळून प्रेशर, पाणी दाखवतं फक्त वाफेचं. तो ३ डिग्रीचा फरक म्हणजे हवेची सही आहे. आणि हवेच्या सहवासात थंड झालेलं पाणी ऑक्सिजन पण धरून ठेवतं, म्हणून डीओ वाढला. घाणीने डीओ वाढत नाही.

खात्री करायला स्टँडबाय व्हॅक्यूम पंप चालू केला. वर म्हटलं की दुसऱ्या पंपाने फायदा नाही, ते हवा बेताची असताना. इथे पंधरा मिनिटात एक्झॉस्ट ४८ वरून ४५ वर आला. याचा अर्थ आत येणारी हवा एका पंपाला झेपत नव्हती. घाण असती तर दुसऱ्या पंपाने ढिम्म काही झालं नसतं. ही टेस्ट फुकट आहे, दोन बटणांची आहे, आणि क्लीनिंगसाठी लोड कमी करायच्या आधी दरवेळी करायची.

मग हवा येते कुठून ते शोधायला दोघे-तिघे निघालो. आधी ग्लँड सीलिंग स्टीमचं प्रेशर बघितलं, ते बरोबर होतं. मग कंडेन्सेट पंपाच्या ग्लँडचं सील वॉटर, ते पण बरोबर. एलपी टर्बाइनवरच्या रप्चर डायफ्रामच्या कडेने फेस लावून बघितला, आत ओढला जातोय का, नाही. शेवटी व्हॅक्यूम ब्रेकरपाशी आलो. हा व्हॉल्व्ह एरवी बंद असतो, इमर्जन्सीत उघडून हवा आत सोडतो, आणि त्याची सीट थोडीफार गळते म्हणून वरून पाण्याचं सील दिलेलं असतं, कपासारखी जागा, बाजूला लेव्हल दाखवायला काचेची नळी. नळी कोरडी. ओव्हरफ्लोचा पाइप हाताने चाचपला तर तो पण कोरडा, एरवी तिथून बारीक धार चालू असते. मागे कुठल्यातरी कामासाठी सील वॉटरचा व्हॉल्व्ह कोणीतरी दाबून ठेवला होता, अगदी बंद नाही, पण जेवढं आत जायचं तेवढं भरून येत नव्हतं. दोन दिवसात कप रिकामा झाला आणि पाण्याच्या जागी हवा जायला लागली. तो व्हॉल्व्ह एक फेरा उघडला, कप गुळगुळ आवाज करत भरला, नळीत पाणी चढलं, ओव्हरफ्लो सुरू झाला. अर्ध्या तासाने एक पंप बंद केला तरी एक्झॉस्ट ४३ ला टिकला. क्लीनिंगचा कागद मी स्वतः मागे घेतला. मॅडमचा फोन आला नसता तर मशीन कमी लोडवर आणून आम्ही ट्यूब घासत बसलो असतो आणि व्हॅक्यूम तिथेच राहिला असता, हे मला आजही लागतं.

एक बाजूची गोष्ट, यातूनच निघते. कधी असं होतं की फुल लोडला व्हॅक्यूम छान आणि लोड उतरवला की बिघडतो, खरं तर कमी वाफ म्हणजे सुधारायला पाहिजे. तेव्हा अशी जागा शोध जी फुल लोडला वातावरणापेक्षा जास्त प्रेशरला असते आणि कमी लोडला खाली जाते. काही एलपी हीटर आणि त्यांच्या लाइनी अशाच असतात. फुल लोडला तिथून थोडी वाफ बाहेर गळते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लोड उतरला की त्याच फटीतून हवा आत.

आता "अजून खाली का नाही" याचं उरलेलं उत्तर. थंडीच्या दिवसात पाणी १५-१८ डिग्रीला येतं तेव्हा पंप न वाढवता सुद्धा प्रेशर खूप खाली जातं, मग जेवढं खाली तेवढं चांगलं का? नाही, एक जागा येते तिथे थांबायचं. मघाच्या ५०० मेगावॅटच्या मशीनमध्ये कंडेन्सरला सेकंदाला पावणेतीनशे-तीनशे किलो वाफ येते, आणि तिचं आकारमान होतं सेकंदाला चार हजार घनमीटरच्या वर. ही सगळी लास्ट स्टेज ब्लेडच्या रिंगमधून बाहेर पडायची. रिंगचं क्षेत्रफळ ठरलेलं आहे. प्रेशर अर्धं झालं की आकारमान जवळजवळ दुप्पट, म्हणजे वेग पण दुप्पट. वेगात गेलेली ऊर्जा कंडेन्सरमध्ये वाया जाते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वर मिळवलं ते इथे हळूहळू परत जायला लागतं. अजून खाली नेलं की ब्लेडमधून निघताना वाफ आवाजाच्या वेगाला पोचते, चोक होते. त्याच्या पुढे कंडेन्सरमध्ये प्रेशर कितीही उतरव, ब्लेडला ते कळतच नाही, उरलेला विस्तार ब्लेडच्या बाहेर मोकळ्यात होतो आणि शाफ्टला काही मिळत नाही. उलट हॉटवेलचं पाणी जास्त थंड होतं, ते परत गरम करायला पहिला एलपी हीटर टर्बाइनमधून जास्त वाफ ओढतो, म्हणजे लोड किंचित कमीच होतो. वर वाफ जास्त ओली होते आणि थेंब ब्लेडच्या टोकांना खातात ते वेगळंच.

त्यामुळे "शक्य तितकं कमी" याचा अर्थ त्या दिवसाच्या पाण्याला, त्या लोडला, जिथे शेवटच्या पावलाचा फायदा ते पाऊल टाकायच्या खर्चाएवढा होतो तिथपर्यंत. खर्च म्हणजे मुख्यतः सीडब्ल्यू पंप. गरम दिवसात सगळे पंप चालवायचे, त्यात वाद नाही. थंडीत एक पंप बंद करून बघायचा, पाण्याचं तापणं ९ वरून ११-१२ होईल, एक्झॉस्ट तेवढा चढेल, पण मशीन चोकच्या जवळ असेल तर लोड हलणार नाही आणि पंपाची वीज वाचेल. लोड हलला तर पंप परत चालू. हे अंदाजाने नाही, मीटर बघून करायचं.

अजून एक, कारण तू परवा रिपोर्टमध्ये "व्हॅक्यूम ६९५" एवढंच लिहिलं होतंस. व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेपासून खाली मोजतो. बाहेर बॅरोमीटर ७६० मिलिमीटर असेल तर ६९५ म्हणजे ॲब्सोल्यूट ६५ मिलिमीटर, तेच आपलं ४३ डिग्री. बॅरोमीटर ७५० झाला, पावसाळी हवा आली की होतो, तर तेच ६९५ म्हणजे आत फक्त ५५ मिलिमीटर, ४० डिग्रीच्या आसपास, म्हणजे कंडेन्सर उलट चांगला चाललाय आणि गेज काहीच सांगत नाही. आणि उंचावरच्या प्लँटमध्ये ६९५ कदाचित कधीच दिसणार नाही, तरी कंडेन्सर उत्तम असेल. म्हणून नेहमी ॲब्सोल्यूट लिही, आणि ते एक्झॉस्टच्या तापमानाशी ताडून बघ. दोन्ही जुळत नसतील तर आधी इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलाव. गेजच्या लाइनीत पाणी साचलं तरी आकडा चुकतो.

उद्या फुल लोडवर मशीन स्थिर असताना पाच आकडे एकाच वेळी घे: पाणी आत, पाणी बाहेर, एक्झॉस्ट, हॉटवेल, ॲब्सोल्यूट प्रेशर, आणि लॅबमधून त्याच तासाचा डीओ. टीटीडी काढ, एक्झॉस्ट आणि हॉटवेलमधला फरक काढ, आणि मला पाठव. मग व्हॅक्यूम ब्रेकरपाशी जाऊन ओव्हरफ्लोची धार चालू आहे का ते हात लावून बघ, लांबून बघू नकोस.